जन्मतः असलेला तीळ : मापाची पट्टी आणि घरातली फाइल

बाळाच्या अंगावर जन्मतःच काळा किंवा तपकिरी डाग दिसला, की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘हा कशामुळे आला?’ आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर आईच्या पदरात टाकलं जातं. ग्रहणात विळीला हात लावला असेल, काही चिरलं असेल, नको ते खाल्लं असेल. आरे कॉलनीत हे पाड्यांवर बोललं जातं, तबेल्यांच्या युनिटमध्ये बोललं जातं आणि रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्येही बोललं जातं. म्हणून आधी तेवढं मिटवून टाकू. गर्भ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असताना, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपैकी एखाद्या मूळ पेशीच्या जनुकात आपसूक बदल होतो. बहुतेकदा हा बदल ‘एनआरएएस’ नावाच्या जनुकात सापडतो. त्या एका पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी तयार होतात, तेवढ्या भागात दाट रंगाचा तीळ उमटतो. हा बदल आईच्या खाण्याने होत नाही, ग्रहणाने होत नाही, आणि बहुतेक घरांत तो आईबापांकडूनही आलेला नसतो. पुढच्या भावंडाला तसाच तीळ येईल म्हणून धास्तावण्याचंही कारण नसतं.

साधारण शंभरातल्या एका बाळाला असा जन्मतीळ असतो आणि तो बहुधा लहानच असतो. पाठभर किंवा मांडीभर पसरलेले तीळ फार विरळा. वीस हजार जन्मांमागे एखादा, असा अंदाज आहे. काही जन्मतीळ जन्माच्या दिवशी दिसतच नाहीत, पहिल्या दोन वर्षांत हळूहळू उमटतात. तेही याच जातीचे.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर किंवा पाठीवर निळसर, मार लागल्यासारखे दिसणारे सपाट डाग आपल्या मुलांत सर्रास असतात. त्यांची कड पुसट असते, त्यांवर वेगळे केस नसतात, हाताला काहीच लागत नाही आणि मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत ते बहुधा विरून जातात. ते जन्मतीळ नव्हेत आणि त्यांचा कॅन्सरशी संबंध नाही. जन्मतिळाचा रंग तपकिरी ते काळा असतो, कड बरीच स्पष्ट असते, पृष्ठभाग बोटाला थोडा वेगळा लागतो आणि पुढे त्यावर जाड केस येऊ शकतात. तरीही खात्री नसेल तर ‘आपला दवाखाना’त किंवा लसीकरणाच्या वेळी भेटणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवा. लसीला जाताना बाळ उघडं करावंच लागतं, तेव्हा पाठ, टाळू, मांड्यांच्या आतली बाजू आणि लंगोटाखालची त्वचाही बघून घ्यायला सांगा. डाग किती आहेत हे मोजून घेणं का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

आता मुख्य मुद्दा. जन्मतिळाचा धोका ठरवताना डॉक्टर त्याचं आजचं माप धरत नाहीत. हे मूल मोठं झाल्यावर तीळ केवढा होईल, ते माप धरतात. तीळ मुलाबरोबर वाढतो, म्हणून बाळाच्या पाठीवरचा चार सेंटिमीटरचा डाग आणि तिशीतल्या माणसाच्या पाठीवरचा चार सेंटिमीटरचा डाग या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मोठेपणी दीड सेंटिमीटरपेक्षा कमी राहील तो लहान. दीड ते वीस सेंटिमीटर मध्यम. वीसच्या वर मोठा. चाळीसच्या वर महाकाय. माप घ्यायचं ते सगळ्यात लांब बाजूचं.

शरीराचे भाग मात्र सारखे वाढत नाहीत. बाळाचं डोकं जन्मतःच मोठं असतं, ते नंतर तितकं वाढत नाही. पाय मात्र खूप लांबतात. म्हणून नवजात बाळाच्या डोक्यावरच्या तिळाच्या मापाला साधारण १.७ ने गुणतात, धड आणि हातांवरच्या तिळाला २.८ ने आणि पायांवरच्या तिळाला ३.३ ने. समजा, नवशाच्या पाड्यावरच्या एका घरात मुलगी जन्मली आणि तिच्या पाठीवर आठ सेंटिमीटर लांबीचा तीळ आहे. आठ गुणिले २.८ म्हणजे २२.४ सेंटिमीटर. आज तळहाताहून लहान दिसणारा हा तीळ ‘मोठा’ या गटात गेला. तोच आठ सेंटिमीटरचा तीळ तिच्या डोक्यावर असता, तर मोठेपणी साडेतेराच्या आसपास झाला असता, म्हणजे ‘मध्यम’. आणि पायावर साडेसहा सेंटिमीटरचा असता, तरी एकवीसच्या पुढे जाऊन पुन्हा ‘मोठा’च. हे गुणक नवजात बाळासाठी आहेत. सहा वर्षांच्या मुलाचा डाग मोजून त्याला २.८ ने गुणू नका. त्याची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते, तिथे डॉक्टर वयाप्रमाणे अंदाज बांधतात. जन्माच्या आठवड्यात घेतलेलं माप म्हणूनच मोलाचं असतं आणि नेमकं तेच बहुतेक घरांत घेतलेलं नसतं.

गट ठरला की धोक्याचं चित्र बदलतं. केवळ आकडा लहानमोठा होतो असं नाही. धोका कोणत्या वयात आणि त्वचेच्या कोणत्या थरात, तेही बदलतं. बहुतेकांना हा भाग कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

लहान आणि मध्यम तिळात मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, होण्याची शक्यता आयुष्यभरात शंभरात एकाहून कमी आहे. झालाच तर तो बहुधा वयात आल्यानंतर होतो, तिळाच्या कडेला होतो आणि त्वचेच्या वरच्या थरात सुरू होतो. म्हणजे तो डोळ्यांना दिसतो. अशा मुलाला लहानपणी दर तीन महिन्यांनी दवाखान्यात नेण्यात अर्थ नाही. एकदा त्वचारोगतज्ज्ञाने बघितलं, माप आणि फोटो झाला, की पुढचं लक्ष घरीच ठेवता येतं. आणि बारा-तेराव्या वर्षापासून जास्त काळजीपूर्वक बघायला लागायचं.

मोठ्या आणि महाकाय तिळाचा हिशोब वेगळा. तिथे आयुष्यभराची शक्यता साधारण शंभरात दोन ते पाच सांगतात. चाळीस सेंटिमीटरच्या वरचे, पाठ-कंबर-मांड्या व्यापणारे आणि आजूबाजूला बरेच छोटे उपतीळ असलेले तीळ या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे जातात. ज्यांना मेलॅनोमा होतो, त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांत तो पहिल्या पाच वर्षांतच होतो. आणि तो वर दिसेलच असं नाही. त्वचेच्या खोल थरात, कधी त्याही खाली सुरू होतो. रंग बदलत नाही, कड बदलत नाही, हाताला गाठ तेवढी लागते. म्हणून डॉक्टर या मुलांना पहिल्या वर्षी दर तीनेक महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा बोलावतात, आणि प्रत्येक वेळी बघण्याबरोबर चाचपतात. दोन मिनिटांत चाचपून ‘ठीक आहे’ म्हटलं की लोकांना वाटतं, एवढ्यासाठी परळपर्यंत आलो. पण ती दोन मिनिटंच या भेटीचं काम आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आले आहेत. आपल्या त्वचेत मेलॅनोमा एकूणच खूप कमी दिसतो. तरी मोठ्या जन्मतिळाची देखरेख आपल्याकडेही तशीच करतात, कारण या तिळातला धोका उन्हाने किंवा गोऱ्या कातडीने आलेला नसतो, तो त्या पेशींच्या संख्येत आणि जनुकातल्या बदलात असतो.

आता डाग मोजून घ्यायला का सांगितलं ते. जन्मतः दोन किंवा अधिक जन्मतीळ असले, भले ते लहान का असेनात, किंवा एकच पण फार मोठा असला, तर तशाच रंगपेशी मेंदूत किंवा त्याच्या आवरणातही असू शकतात. हे बघायला मेंदू आणि मणक्याचा एमआरआय करतात, आणि तो चार ते सहा महिन्यांच्या आत करावा असं सांगतात. त्यानंतर बाळाच्या मेंदूतल्या मज्जातंतूंवर पांढरं आवरण चढत जातं आणि त्या पेशी चित्रात लपून जातात. आणखी एक फायदा : इतक्या लहान बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवलं, तर अनेकदा भूल न देता एमआरआय होतो. वर्षाच्या मुलाला ते जमत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ही माहिती आजीआजोबांना आधीच द्या. एमआरआय स्वच्छ आला तर पुढच्या धोक्याचा आकडा बराच खाली येतो. त्यात काही दिसलं तर देखरेख कडक होते आणि मुलाच्या वाढीच्या टप्प्यांवर मज्जाविकारतज्ज्ञही लक्ष ठेवतो. एकच लहान किंवा मध्यम तीळ असेल तर सहसा एमआरआयची गरज नसते. कोणी सरसकट लिहून दिला तर का, हे जरूर विचारा.

घरी काय करायचं, ते आता सविस्तर सांगतो. शाळेची पंधरा सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी घ्या. दिवसा, दारात, सावलीत बसा. थेट उन्हात कातडी चकाकते आणि ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. पट्टी तिळाला चिकटवून, पण तीळ झाकला न जाईल अशी धरा. दोन फोटो काढा : एक लांबून, शरीराचा कोणता भाग आहे ते कळेल असा, आणि दुसरा जवळून, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असा. फ्लॅश बंद ठेवा. तीळ पट्टीपेक्षा लांब असेल तर शिवणाची फीत वापरा. वेडीवाकडी कड असेल तर वह्यांना घालतात तसलं पारदर्शक प्लॅस्टिक तिळावर ठेवून पेनाने कड गिरवा आणि त्यावर तारीख टाका. पुढच्या वेळी दोन तुकडे एकमेकांवर ठेवले, की कुठली बाजू वाढली ते लगेच कळतं. संपूर्ण तीळ अंगाच्या मानाने वाढला असेल तर ते अपेक्षित आहे. एकाच कोपऱ्याने वेगळी धाव घेतली असेल तर ते दाखवण्यासारखं आहे.

मोठा तीळ असेल तर महिन्यातून एकदा, अंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने चाचपा. आधी बोटं सपाट ठेवून पूर्ण तिळावरून फिरवा, मग अंगठा आणि तर्जनीत कातडी हलकेच धरून खाली काही कडक लागतं का बघा. आपल्या सावळ्या त्वचेवर आणि तिळाच्या काळ्या रंगात नवी काळी जागा डोळ्यांना सहज दिसत नाही. बोटं जास्त खरं सांगतात. मग बगल, मान आणि जांघेत हात फिरवा. आरेसारख्या ठिकाणी मुलं अनवाणी हिंडतात, पायाला काटे-खरचट असतात, डास-किडे चावतात. त्यामुळे जांघेत वाटाण्याएवढी, मऊ, हलणारी गाठ नेहमीच सापडते आणि जखम बरी झाली की उतरते. कडक, न हलणारी, तीन-चार आठवड्यांत वाढत गेलेली गाठ वेगळी. ती दाखवा.

काय बदललं तर घाबरू नये, तेही माहीत हवं. नाहीतर दर महिन्याला धावपळ होते. पहिल्या काही वर्षांत तीळ कधी फिका होतो, कधी गडद होतो, ठिपकेदार होतो. त्यावर केस वाढतात. ते कापायला किंवा डॉक्टरांना विचारून काढायला हरकत नाही. पृष्ठभाग खडबडीत होतो. मोठ्या तिळाची त्वचा कोरडी पडते आणि खाजते, कारण तिथे घाम आणि तेल कमी सुटतं. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावून ती मऊ ठेवा आणि नखं बारीक ठेवा. बाजूला नवे छोटे उपतीळ उगवतात, तेही अपेक्षितच असतं.

याउलट, पुढच्या गोष्टींना पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तिळात नवी कडक गाठ आली आणि काही आठवड्यांत वाढली. खाजवलं नसताना रक्त आलं. जखम झाली आणि तीन आठवड्यांत भरली नाही. एकच भाग वेगाने काळा, निळा किंवा लालसर झाला. आणि मेंदूकडची लक्षणं : झटके, वारंवार उलट्या, टाळू फुगलेली, डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं, शिकलेली हालचाल विसरणं. झटका आला किंवा टाळू ताठ फुगली तर त्वचारोग विभागाच्या ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या आणि ‘बाळाला मोठा जन्मतीळ आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्या डॉक्टरला त्याचा संबंध आपण सांगितल्यावर लगेच लागतो.

गाठ आली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. महाकाय तिळात पहिल्या एक-दोन वर्षांत पेशींची निरुपद्रवी गाठ येऊ शकते, तिला वाढीची गाठ म्हणता येईल. ती पुष्कळदा मऊ होत जाऊन आपोआप बसते. अडचण अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली ती मेलॅनोमासारखी दिसू शकते आणि मुलांचे असे तीळ फारसे न पाहिलेला तज्ज्ञ चुकू शकतो. म्हणून तपासणीचा तुकडा घेतला असेल तर अहवालाबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा आहे. निदान गंभीर आलं, तर शस्त्रक्रिया किंवा औषध सुरू होण्याआधी त्या स्लाइड टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसऱ्यांदा वाचून घ्या. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे आपल्याकडे फार बोललं जातं. तुकडा काढल्याने मेलॅनोमा होत नाही आणि पसरतही नाही; तुकडा न काढता महिने घालवले तर मात्र खरंच नुकसान होतं.

मग काढूनच का टाकत नाहीत? हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तो योग्य आहे. लहान तीळ काढता येतो, पण त्याचा धोका मुळातच इतका कमी, की काढायचा की नाही हा दिसण्याचा आणि मुलाच्या इच्छेचा प्रश्न उरतो. दहा-बारा वर्षांचं मूल जागेपुरती भूल घेऊन शांत पडू शकतं आणि स्वतःचं मतही देऊ शकतं. घाई नसेल तर तिथपर्यंत थांबावं, असं माझं मत आहे. मोठा तीळ टप्प्याटप्प्याने कापून किंवा शेजारच्या त्वचेखाली फुगे बसवून, ती ताणून, काढतात. त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया, बऱ्याच भुली आणि लांब व्रण पत्करावे लागतात. आणि सगळं करूनही रंगपेशी खालच्या चरबीत, कधी स्नायूंच्या आवरणापर्यंत उरतात; मेंदूत असतील तर त्यांना हात लागतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेने मेलॅनोमाचा धोका संपतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शस्त्रक्रियेनंतरही देखरेख चालूच राहते, व्रणाखालचं चाचपणंही. चेहऱ्यावरच्या तिळाने मुलाला शाळेत त्रास होत असेल, किंवा सतत चिरून जखमा होत असतील, तर शस्त्रक्रियेला चांगलं कारण आहे. लेसरने वरचा रंग काही काळ फिका होतो, खालच्या पेशी तशाच राहतात आणि रंग पुष्कळदा परत येतो. चामखिळीला लावतात तसा चुना-सोडा तर जन्मतिळाला कधीच लावू नका. कातडी भाजते, व्रण येतो आणि त्या व्रणाखाली काय चाललंय ते पुढे डॉक्टरलाही नीट कळत नाही. घोड्याचा केस बांधणं, ब्युटी पार्लरमध्ये जाळून घेणं, हेही तसंच. काढलेला प्रत्येक तीळ प्रयोगशाळेत तपासायला गेलाच पाहिजे, पार्लरमध्ये तो कचऱ्यात जातो.

आता फाइल. आरेहून विलेपार्ल्याचं कूपर जवळ आहे, मुलांच्या गुंतागुंतीच्या कामासाठी परळचं केईएम आणि वाडिया बालरुग्णालय. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत तुम्हाला तपासणारे बरेचसे डॉक्टर निवासी असतात, तीन वर्षांचं शिक्षण संपवून ते जातात. ज्यांनी बाळाचा तीळ पहिल्यांदा मोजला, ते मूल शाळेत जाईल तेव्हा तिथे नसतील. केसपेपर ओला होतो, हरवतो, नव्या वर्षी नवा निघतो. झोपड्या हलतात, कुटुंब दुसऱ्या उपनगरात जातं. त्यामुळे वर्षानुवर्षांची देखरेख टिकते ती घरातल्या प्लॅस्टिकच्या फाइलमुळे. तिच्यात जन्मदाखल्याची प्रत, पहिलं माप, तारखा टाकलेल्या गिरवलेल्या कडा, फोटोंचे प्रिंट, एमआरआयचा अहवाल आणि सीडी, तुकड्याचा अहवाल, एवढं ठेवा. फोटो केवळ मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल बिघडतो, विकला जातो. एक प्रत नात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा. डॉक्टरांसमोर बसलात की आधी मागच्या वेळचा फोटो काढून पुढे ठेवा. नवख्या डॉक्टरलाही मग बदल झाला की नाही ते सांगता येतं. नुसता आजचा तीळ बघून ते सांगणं तज्ज्ञालाही अवघड असतं.

मूल बारा-तेराचं झालं की ही फाइल त्याला उघडून दाखवायला लागा. लहान-मध्यम तिळाचा धोका याच वयापासून सुरू होतो, आणि याच वयात मुलं आईला पाठ दाखवायला लाजतात. पाठीवर तीळ असेल तर दोन आरसे कसे धरायचे ते शिकवा, किंवा मोबाइलने स्वतःचा फोटो कसा घ्यायचा ते.

आणि ज्यांचा जन्मतीळ आता तीस-चाळीस वर्षांचा झाला, कुणी कधी मोजला नाही, फाइल नाही, त्यांनी? तुमच्या बाबतीत गुणाकाराची गरज नाही, आज पट्टीवर येईल तेच अखेरचं माप. दीड सेंटिमीटरच्या आत असेल तर फोटो काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पट्टी लावून त्याच्याशी ताडून बघा. त्याहून मोठा असेल तर एकदा त्वचारोग विभागात जाऊन डर्मॅटोस्कोपने तपासून घ्या. त्या भिंगातून वरच्या थराची जाळी दिसते, सुई लागत नाही. वीसच्या वर असेल तर वर्षातून एकदा चाचपून घ्यायची तारीख आजच ठरवा, लहानपणापासून काहीही झालेलं नसलं तरी.